रिव्हर्स फेज ग्रेडियंट: अ‍ॅसिटोनायट्राईल घ्यायचं की मेथॅनॉल?

नवीन मेथड बसवताना हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा उत्तर असं मिळतं की आधीच्या मेथडमध्ये जे होतं तेच घ्या. आयसोक्रॅटिकमध्ये हे चालून जातं, पण ग्रेडियंटमध्ये सॉल्व्हंट सतत बदलत असतो म्हणून दोघांमधला फरक बेसलाईन, प्रेशर, बुडबुडे सगळीकडे दिसतो. म्हणून एकच उदाहरण घेऊन दोन्ही बाजूंनी बघूया.

समजा इम्प्युरिटी मेथड आहे, २५० बाय ४.६ मिमीचा ५ मायक्रॉन सी-१८ कॉलम, फ्लो १ मिली, डिटेक्शन २१५ नॅनोमीटर, बफर २० मिलिमोलर फॉस्फेट पीएच ३.०. म्हणजे एक लिटर पाण्यात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.७२ ग्रॅम आणि ऑर्थोफॉस्फोरिक अ‍ॅसिडने पीएच सेट. पीएच पाण्यातच सेट करायचा, ऑरगॅनिक टाकल्यावर नाही, कारण मग मीटर जे दाखवतो त्याचा अर्थच बदलतो आणि दुसऱ्या माणसाला तोच बफर परत बनवता येत नाही.

पहिला निकाल वेव्हलेंग्थच देते. अ‍ॅसिटोनायट्राईलचा यूव्ही कटऑफ साधारण १९० आहे आणि मेथॅनॉलचा २०५, त्यामुळे २१५ ला मेथॅनॉलचं प्रमाण वाढत गेलं की बेसलाईन चढत जाते आणि ०.०५ टक्क्याची इम्प्युरिटी त्या चढणीवर इंटिग्रेट करायची म्हणजे प्रत्येक अ‍ॅनालिस्टचं उत्तर वेगळं. त्यात मेथॅनॉलमध्ये विरघळलेला ऑक्सिजनसुद्धा कमी वेव्हलेंग्थला अ‍ॅब्सॉर्ब करतो, म्हणजे डिगॅसिंग कमीजास्त झालं तरी बेसलाईन हलते. २५४ ला काम असेल तर मात्र ही अडचण जवळजवळ संपते, आणि मग मेथॅनॉल स्वस्त आहे हा मुद्दा खरंच विचारात घ्यावा. अ‍ॅसिटोनायट्राईल मुख्यतः अ‍ॅक्रिलोनायट्राईलच्या प्लांटमधून बायप्रॉडक्ट म्हणून निघतं, त्यामुळे २००८-०९ मध्ये तिकडचं उत्पादन घटलं तेव्हा जगभरच्या लॅबना ते मिळेनासं झालं होतं.

दुसरं प्रेशर. पाणी आणि मेथॅनॉल अर्धंअर्धं मिसळलं की मिश्रण दोघांपेक्षाही जाड होतं, अ‍ॅसिटोनायट्राईलचं तेवढं होत नाही. म्हणून मेथॅनॉलच्या ग्रेडियंटमध्ये प्रेशर मधे चढतं, मग उतरतं, आणि सुरुवातीच्या कंपोझिशनला परत येताना पुन्हा एकदा चढतं. अ‍ॅसिटोनायट्राईलच्या तुलनेत दीडपट ते दुप्पट धरा. ५ मायक्रॉनला पंप हे झेलतो, पण ३ मायक्रॉन घेतला किंवा कॉलम जुना असेल तर रात्री सिक्वेन्स मधेच हाय प्रेशरवर थांबतो. कॉलम ओव्हन ४० डिग्रीला ठेवला तर बराच दिलासा मिळतो.

आता मोबाईल फेज बनवणं, आणि इथे मेथॅनॉल बऱ्यापैकी पुढे आहे. फॉस्फेट जास्त अ‍ॅसिटोनायट्राईलमध्ये टिकत नाही, ७०-८० टक्क्यांच्या वर गेलं की मीठ बाहेर पडायला लागतं, आणि ते पडतं प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हमध्ये, चेक व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे जिथे आपल्याला दिसत नाही तिथे. खूण अशी की प्रेशरची रेघ दातेरी होते आणि रिटेन्शन टाईम सरकायला लागतो. म्हणून अ‍ॅसिटोनायट्राईल घेतलं तर बी बाटलीत शुद्ध न ठेवता ८०० मिली अ‍ॅसिटोनायट्राईल आणि २०० मिली पाणी ठेवा, आणि ए बाटलीत ९५० बफर, ५० अ‍ॅसिटोनायट्राईल. मग ५ ते ६० टक्के ऑरगॅनिक हवं असेल तर पंपाला बी ० ते ७३ द्यायचं, एवढंच. ए मधल्या त्या ५ टक्क्यांमुळे सी-१८ पूर्ण पाण्यात कोरडा पडण्याची भीतीही जाते.

मेथॅनॉलची ताकद कमी, ४० टक्के अ‍ॅसिटोनायट्राईलचं काम करायला साधारण ५० टक्के मेथॅनॉल लागतं, म्हणून तोच ग्रेडियंट ७० टक्क्यांपर्यंत न्यावा लागेल, आणि तेवढ्यात हा बफर टिकतो. बी मध्ये शुद्ध मेथॅनॉल चालेल. पण पीकचा क्रम तोच राहील असं मुळीच धरू नका, प्रत्येक इम्प्युरिटी वेगळी टोचून बघावी लागते. अ‍ॅसिटोनायट्राईलमध्ये दोन पीक चिकटलेले असतील तर मेथॅनॉल करून बघायचं खरं कारण हेच आहे.

मोजताना दोन्ही वेगवेगळ्या सिलिंडरने मोजा, मग मिसळा. ५०० मेथॅनॉल आणि ५०० पाणी मिसळलं की लिटर भरत नाही, कमीच भरतं, आणि वरून मेथॅनॉलने मार्क केलं तर कंपोझिशन बदलतं. मेथॅनॉल मिसळताना बाटली गरम होते आणि हवा तिथल्या तिथे बाहेर पडते. अ‍ॅसिटोनायट्राईल मिसळताना बाटली गार होते, हवा आतच राहते आणि बेंचवर तापमानाला येताना किंवा पुढे सिस्टीममध्ये बुडबुडे सुटतात, म्हणून ते मिश्रण रूम टेंपरेचरला येऊ द्या आणि मगच डिगॅस करा.

डिगॅसिंगबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा, पाण्यात आणि ऑरगॅनिकमध्ये वेगवेगळी जेवढी हवा राहते तेवढी मिश्रणात राहत नाही. क्वाटर्नरी पंपात मिसळणं पंपाच्या आधी कमी प्रेशरला होतं, त्यामुळे बुडबुडा तिथेच सुटून पंपात जातो. बायनरी पंपात मिसळणं प्रेशरखाली होतं, तिथे त्रास झाला तर तो डिटेक्टर सेलमध्ये होतो, उंच टोकदार स्पाईक दिसतात. क्वाटर्नरी असेल तर इनलाईन डिगॅसर चालू हवाच, नुसतं सोनिकेटरवर भागत नाही, सोनिकेशनने हवा अर्धवटच निघते आणि काही तासांत परत विरघळते. आणि मिसळून ठेवलेली बाटली व्हॅक्यूमवर फार वेळ ठेवू नका, ऑरगॅनिक उडून जातं.

इक्विलिब्रेशनमध्ये दोघांत फार फरक नाही. या कॉलममध्ये आतलं व्हॉल्यूम साधारण २.५ मिली, म्हणजे १५ मिनिटं म्हणजे सहा कॉलम व्हॉल्यूम, शिवाय पंपापासून कॉलमपर्यंतचं ड्वेल व्हॉल्यूम त्यात वजा होतं. ३० मिनिटं ग्रेडियंट, ३ मिनिटं होल्ड, १ मिनिटात परत, १५ मिनिटं इक्विलिब्रेशन, असा रन ४९ मिनिटांचा होतो. हा वेळ कमी करायचा असेल तर ५, १० आणि १५ मिनिटांनी टोचून सगळ्यात लवकर येणाऱ्या पीकचा रिटेन्शन टाईम बघा, उशिराचे पीक फारसे हलत नाहीत, पहिलाच आधी खबर देतो. पूर्ण इक्विलिब्रेशन झालंच पाहिजे असं नाही, पण प्रत्येक रनला तेवढंच झालं पाहिजे, आणि पहिल्या इंजेक्शनआधी सिस्टीम जास्त वेळ थांबलेली असते म्हणून एक ब्लँक ग्रेडियंट चालवून तो रन टाकून द्यायचा.

ब्लँकमध्ये पीक दिसत असेल तर इक्विलिब्रेशन १५ वरून ३० मिनिटं करून बघा. पीक जवळपास दुप्पट झाला तर घाण ए बाटलीतल्या पाण्यात किंवा बफरच्या मिठात आहे, कारण ती इक्विलिब्रेशनभर कॉलमच्या तोंडाशी साठते आणि ऑरगॅनिक वाढलं की एकदम सुटते, आणि अशा वेळी सॉल्व्हंट बदलून काहीही फरक पडत नाही, आधी पाणी बदला.