नाडी मंद असताना डोनेपेझिल: गोळी, पॅच की मेमँटिन?

विसरभोळेपणावर डॉक्टरांनी डोनेपेझिल लिहून दिली, की मेडिकलच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "यानं आबांना सगळं आठवायला लागेल ना?" दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि खरं तर तो आधी यायला हवा: आबांची नाडी किती आहे?

मेंदूत असिटिलकोलीन नावाचं एक रसायन असतं. अल्झायमरमध्ये ते कमी पडतं. डोनेपेझिल ते मोडणाऱ्या एन्झाइमला अडवते, म्हणून उरलेलं रसायन जास्त वेळ टिकतं. पण हेच रसायन हृदयाला "हळू चाल" सांगतं आणि पोटाची हालचाल वाढवतं. त्यामुळे मंद नाडी आणि मळमळ हे गोळीच्या कामाचेच भाग आहेत. हीच गोष्ट रिव्हास्टिग्मिन या दुसऱ्या औषधालाही लागू, ते कॅप्सूलमध्ये किंवा कातडीवर चिकटवायच्या पॅचमध्ये मिळतं. मेमँटिन हे तिसरं औषध मात्र वेगळ्या वाटेनं काम करतं, हे पुढच्या तुलनेसाठी लक्षात ठेवा.

रावेर तालुक्यातल्या एका केळीवाल्या घराचं उदाहरण घेऊ. नाना 76 वर्षांचे. ठिबकचा व्हॉल्व्ह सुरू करून विसरायचे, आणि "आज कोणता वार शे?" हे एका जेवणात चार वेळा विचारायचे. तपासण्या होऊन अल्झायमरचं निदान झालं. थायरॉइड आणि बी-12 ठीक निघाले. हे दोन आधी पाहणं महत्त्वाचं, कारण ते कमी असले तर विसरणं त्यांच्यामुळेही असू शकतं. तीस गुणांच्या स्मृतिचाचणीत नानांना 19 मिळाले. पण नाडी 54. बीपीसाठी रोज 50 मिलिग्रॅम अटेनोलॉल सुरू होती, आणि काचबिंदूसाठी डोळ्यात टिमोलॉलचे थेंब.

थेंबांचा हृदयाशी काय संबंध, असं घरच्यांना वाटलं. संबंध आहे. डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात उतरतो, आणि टिमोलॉल अटेनोलॉलच्याच, म्हणजे नाडी मंदावणाऱ्या कुळातलं आहे. डॉक्टरांनी "सगळ्या गोळ्या आणा" म्हटलं की लोक थेंब नेतच नाहीत. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन यांनीही नाडी मंदावते, तीही नावं कागदावर असू द्या.

इसीजीत हृदयाच्या विजेच्या वाटेत अडथळा नव्हता, फक्त गती कमी होती. म्हणून डॉक्टरांनी आधी डोनेपेझिल न देता अटेनोलॉल हळूहळू कमी केली आणि बदली अमलोडिपिन दिली. घरच्या घरी अटेनोलॉल एकदम बंद करू नका, छातीत दुखणं किंवा बीपी उसळणं होऊ शकतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलून लॅटॅनोप्रोस्ट दिले. नाडी 66 वर आली. मग रात्रीच्या जेवणानंतर डोनेपेझिल 5 मिलिग्रॅम सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात नानांना ढवळत राहिलं, दोनदा ओकारी झाली. ही मळमळ बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. शेवभाजीसारखं तिखट-तेलकट रात्री टाळलं आणि खिचडी-कढीनंतर गोळी दिली, तर त्रास कमी झाला. रात्री स्वप्नं फार पडू लागली, झोप मोडली, तर तीच गोळी सकाळी देतात. उन्हाळ्यात मात्र ओकारीकडे दुर्लक्ष नको. खान्देशात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्यात ओकाऱ्या आणि जुलाब झाले की म्हातारं शरीर लवकर कोरडं पडतं, भोवळ येते, आणि ती मंद नाडीची की पाणी कमी झाल्याची हे सांगता येत नाही.

चार ते सहा आठवड्यांनी डोस 10 मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. नानांचा वाढवला, तेव्हा भूक गेली. केळी मोजायच्या काट्यावर वजन 58 वरून साडेपंचावन्न भरलं, नाडी 55. डॉक्टरांनी पुन्हा 5 वर आणलं. डोस कमी केला म्हणजे उपचार वाया गेला असं नाही. 10 मिलिग्रॅमचा फायदा थोडा जास्त, त्रासही जास्त.

आता तुलना. रिव्हास्टिग्मिनचा पॅच पोटाला डोनेपेझिलच्या गोळीइतका, कधी कमी, त्रास देतो. तोंडावाटे घ्यायच्या रिव्हास्टिग्मिन कॅप्सूलपेक्षा तर नक्की कमी. गोळ्या थुंकणाऱ्या माणसासाठी तो सोयीचा. पण रोज जागा बदलून लावायचा, जुना काढल्याशिवाय नवा नाही, आणि आमच्या उन्हात घामानं तो सुटतो. उन्हात काम करणाऱ्याला मी पॅच सुचवायला कचरेन, कारण कातडी तापली की औषध जास्त शोषलं जाऊ शकतं. मंद नाडीची काळजी पॅचलाही तेवढीच घ्यायची. नाडीसाठी पॅच निवडणं म्हणूनच चुकीचं आहे.

मेमँटिन नाडी सहसा मंदावत नाही, मळमळही कमी. गरगरणं आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं, किडनी कमजोर असेल तर डोस कमी. त्याचा फायदा मध्यम ते तीव्र आजारात आहे. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, केवळ नाडी मंद आहे म्हणून ते घेणं फारसं उपयोगाचं नाही. हृदयात खरा अडथळा असलेला, मध्यम टप्प्यावरचा माणूस असेल, तर माझा कौल मेमँटिनला.

फायदा नेमका किती? अभ्यासांत सहा महिन्यांनी डोनेपेझिल घेणारे आणि न घेणारे यांच्यात त्या तीस गुणांच्या चाचणीत सरासरी साधारण एका गुणाचा फरक दिसतो. औषधाविना माणूस वर्षाला दोन-तीन गुण खाली येतो, तेव्हा हा फरक म्हणजे काही महिन्यांचा वेळ. आजार आत पुढे सरकतच राहतो. काहींना स्पष्ट फरक जाणवतो, काहींना काहीच नाही, आणि कुणाला जाणवेल हे आधी सांगता येत नाही. नानांचे सहा महिन्यांनी 19 गुणच राहिले. "आज कोणता वार शे?" चालूच आहे. पण आंघोळीला सांगावं लागत नाही, आणि नातवाला नावानं हाक मारतात. व्हॉल्व्हची जबाबदारी मात्र मुलानं काढून घेतली, ती गोळीनं परत येणार नव्हती.

पूर्ण डोसवर तीनेक महिने झाले, की घरच्यांनी आणि डॉक्टरांनी बसून ठरवावं: काय टिकलं, काय गेलं, वजन किती, पडले का. काहीच उपयोग दिसत नसेल तर डॉक्टरांना विचारून कमी करत बंद करावी. मात्र उपयोग होत असेल तर आजार वाढला म्हणून लगेच बंद करू नये. ब्रिटनमधल्या 2012 च्या एका अभ्यासात मध्यम-तीव्र आजारातही गोळी चालू ठेवलेले बंद केलेल्यांपेक्षा त्याच तीस गुणांच्या चाचणीत सुमारे दोन गुणांनी वर राहिले.

घरी करायचं काम एकच: सकाळी पाच मिनिटं बसवून, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. सुरुवातीचे आठवडे रोज, डोस वाढल्यावर पुन्हा. 50 च्या खाली गेली, किंवा कितीही असली तरी डोळ्यांपुढे अंधारी आली, रात्री संडासला जाताना कोसळले, तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि "डोनेपेझिल चालू आहे" हे पहिलं वाक्य बोला. कॅनडाच्या ओंटारियोत 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डोनेपेझिल-रिव्हास्टिग्मिनच्या जातीची औषधं घेणाऱ्या वृद्धांत भोवळ, मंद नाडी आणि खुब्याचं हाड मोडणं जास्त आढळलं, पेसमेकरही जास्त बसवले गेले. मंद नाडीमागे गोळी असू शकते हे डॉक्टरांना आठवलं असतं तर त्यांतले काही पेसमेकर टळले असते, असं मला वाटतं. उलट, ज्यांना आधीच पेसमेकर बसलेला आहे त्यांच्या बाबतीत मंद नाडीची अडचण बरीचशी संपलेली असते. तिथं मुख्यतः मळमळ आणि वजन पाहायचं.