तारांगणाचे मराठी निवेदन: ध्वनिमुद्रित करावे की थेट बोलावे?

शाळेच्या, नगरपालिकेच्या किंवा विज्ञान केंद्राच्या तारांगणात सबंध घुमटावर पसरणारी इंग्रजी फुलडोम फिल्म घेतली जाते आणि मग प्रश्न येतो, ती मराठीत कशी दाखवायची? मार्ग मुख्यतः दोन आहेत. फिल्म आहे तशी ठेवून तिच्यावर मराठी निवेदन ध्वनिमुद्रित करायचे, किंवा संगणकावर प्रत्यक्ष आकाश उभे करून निवेदकाने माइकवर थेट बोलायचे. खर्चाची तुलना सगळेच करतात. माझ्या मते आधी एक गोष्ट ठरवावी लागते. घुमटातला वेळ चित्राच्या हातात द्यायचा आहे की आवाजाच्या? मराठी वाक्याची घडण पाहता बाकीचे बहुतेक निर्णय यातूनच निघतात.

सुमारे पंचवीस मिनिटांच्या फिल्ममधला एक प्रसंग घेऊ. हिवाळ्यातले पूर्वेचे आकाश. शून्य सेकंदाला मृग नक्षत्र वर येते. सातव्या सेकंदाला त्यावर शिकाऱ्याचे रेखाचित्र उमटते. अकराव्या सेकंदाला काक्षी या ताऱ्याभोवती वर्तुळ येते. सोळाव्या सेकंदाला कॅमेरा पट्ट्याखालच्या तेजोमेघाकडे निघतो आणि चोविसाव्या सेकंदाला तेजोमेघ घुमटभर पसरतो. वर्तुळ दिसायला आणि कॅमेरा हलायला यांत पाच सेकंद आहेत. इंग्रजी निवेदनात त्या पाच सेकंदांत ताऱ्याचे नाव आधी येते आणि वर्णन मागाहून.

आता त्याचे इमानदार मराठी भाषांतर वाचा: ‘शिकाऱ्याच्या उजव्या खांद्यावर, आपल्या सूर्यापेक्षा शेकडो पटींनी मोठा असलेला, लालसर रंगाचा काक्षी नावाचा महाराक्षसी तारा आपल्याला दिसतो.’ व्याकरण बरोबर, माहितीही बरोबर. पण काक्षी हे नाव येईपर्यंत सदतीस अक्षरे होतात. अंधारात शांतपणे ऐकणाऱ्यांसाठी सेकंदाला पाचेक अक्षरांचा वेग सोयीचा धरला, तर नावापर्यंत पोचायला सात सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे वर्तुळ आले, गेले, कॅमेरा निघाला आणि मग ताऱ्याचे नाव ऐकू आले. मुले ते नाव तेजोमेघाला चिकटवतात.

उपाय वेगाने वाचण्याचा नाही. वाक्य मोडून नाव पुढे आणावे लागते: ‘हा काक्षी. रंगाने तांबूस, आणि सूर्याच्या शेकडो पट मोठा.’ एकवीस अक्षरे, सव्वाचार सेकंद आणि वर श्वास घ्यायला जागा. उजवा खांदा गेला, महाराक्षसी गेला. जायलाच हवे होते. शिकाऱ्याचा उजवा खांदा बघणाऱ्याला डावीकडे दिसतो, आणि जिथे खुर्च्या वर्तुळाकार मांडलेल्या असतात तिथे डावे-उजवे प्रत्येकाचे वेगळे. घुमटात ‘पूर्वेला’, ‘क्षितिजालगत’, ‘खमध्याजवळ’ हे शब्दच कामाचे.

शिकारी हीदेखील याच प्रसंगातली अडचण आहे. मराठी घरात मृग म्हणजे हरिण. चार कोपऱ्यांचे तारे त्याचे पाय, मधले तीन तारे त्याला लागलेला बाण, आणि शिकारी म्हणजे खाली दूर चमकणारा व्याध. कानावर ‘मृग’ पडते आणि डोळ्यांपुढे गदाधारी माणूस उभा राहतो, तेव्हा मूल घुमटभर हरिण शोधत बसते आणि पुढची दोन वाक्ये त्याच्या हातून जातात. मुद्रित निवेदनात याला जागा एकच, चित्र उमटण्याआधीचे सात सेकंद: ‘आपण याला मृग म्हणतो. ग्रीकांना इथे शिकारी दिसला.’ हे बसते. पण अशी मोकळी जागा प्रत्येक प्रसंगात मिळत नाही.

थेट निवेदनात ही अडचण उरतच नाही. स्टेलॅरियमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही नक्षत्रचित्रे बंद करता येतात किंवा आकृत्यांचा दुसरा संच निवडता येतो. निवेदक म्हणाला ‘आता हे चार तारे बघा’ की ऑपरेटर दर्शक बाण तिथे नेतो, आणि मुलांचा ‘दिसला!’ असा आवाज उठेपर्यंत आकाश थांबून राहते. महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. पुण्यात टिळक रोडवरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये 1954 साली तारांगण सुरू झाले. त्या काळचे प्रक्षेपक पृथ्वीवरून दिसणारे आकाश दाखवत आणि फिरवत, त्यामुळे माणसाच्या आवाजाने चालवलेला कार्यक्रम हीच स्वाभाविक रीत होती. मुंबईच्या नेहरू तारांगणात 2003 मध्ये डिजिटल प्रक्षेपण आले. अशा यंत्रणेमुळे दीर्घिकांमधून उड्डाण करणे शक्य झाले, पण आधी तयार केलेल्या चित्रफितीत तेव्हापासून घड्याळ चित्राच्या ताब्यात गेले.

थेट पद्धतीच्या मर्यादाही खऱ्या आहेत. आकाश जाणणारा, आवाज असलेला आणि दिवसाचे चार खेळ करूनही न थकणारा निवेदक लागतो. तो रजेवर गेला की कार्यक्रमाचा दर्जा उतरतो. रंगात येऊन दहा मिनिटे जास्त बोलला, तर बाहेर उभ्या असलेल्या पुढच्या शाळेची बस खोळंबते. आणि ताऱ्याचा जन्म, दीर्घिकांची टक्कर, कृष्णविवराभोवतीची चकती ही दृश्ये फिल्ममध्ये जशी दिसतात तशी बहुतेक छोट्या तारांगणांच्या थेट यंत्रणेवर दिसत नाहीत.

एक तिसरी वाट सुचवली जाते: मराठी आवाज आधी मुद्रित करा आणि चित्र त्याप्रमाणे लांबवा. स्थिर ताऱ्यांच्या दृश्यात किंवा दोन प्रसंगांमधल्या काळोखात चार-पाच सेकंद वाढवता येतात. हलत्या कॅमेऱ्याच्या दृश्यात फ्रेम दुप्पट केल्या की घुमट धक्के खात सरकतो आणि पोटात ढवळते. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या, तर तीस मिनिटांच्या फिल्मच्या 54,000 फ्रेम होतात. त्या नव्याने तयार करणे मूळ निर्मात्यालाच शक्य असते. मी हा मार्ग सुचवणार नाही.

मुद्रित निवेदन निवडायचे असेल, तर पैसे देण्याआधी निर्मात्याला दोन गोष्टी विचाराव्यात. संगीत व ध्वनिप्रभाव निवेदनापासून वेगळ्या ट्रॅकवर मिळतील का? मिळत नसतील तर इंग्रजी आवाज दाबून वर मराठी चढवावे लागते, आणि घुमटात खालचे इंग्रजी कुजबुजल्यासारखे ऐकू येत राहते. दुसरे, वाक्ये गाळण्याची आणि क्रम बदलण्याची मुभा आहे का? काही निर्माते भाषांतर मंजुरीसाठी मागतात आणि मूळ मजकुराशी ओळीला ओळ ताडतात. तिथे वरचे एकवीस अक्षरांचे वाक्य नामंजूर होऊ शकते. ही मुभा लेखी मिळाली नाही, तर ती फिल्म मराठीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रात कोरलेला इंग्रजी मजकूरही तपासावा. घुमटावर ‘टू पॉइंट फाइव्ह मिलियन’ लिहिलेले आणि कानावर देवयानी दीर्घिकेसाठी ‘पंचवीस लाख प्रकाशवर्षे’, म्हणजे ऐकणारा मनात हिशेब करत बसतो.

संज्ञा मुलांच्या पाठ्यपुस्तकातल्या घ्याव्यात: दीर्घिका, तेजोमेघ, लघुग्रह, कृष्णविवर. हिंदी संहितेवरून मराठी करणे सोपे वाटते, पण तिथे सगळ्याच दीर्घिकांना बऱ्याचदा आकाशगंगा म्हणतात. मराठी मुलासाठी आकाशगंगा ही आपली एकच आहे. ‘अब्जावधी आकाशगंगा’ ऐकले की त्याच्या डोक्यात वेगळाच गोंधळ होतो. नवी संज्ञा आली की तिची वस्तू घुमटावर दिसत असली पाहिजे, आणि एका प्रसंगात नवी संज्ञा एकच असावी. थेट निवेदक विसरलेली संज्ञा दहा मिनिटांनी पुन्हा सांगू शकतो. मुद्रित संहितेत ती पुनरुक्ती आधीच लिहावी लागते, आणि तिच्यासाठी जागा दुसरे काहीतरी गाळूनच होते.

ध्वनिमुद्रणात एक खोड हमखास दिसते. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या टोकाला येतात, आणि बोलताना आपला आवाज नेमका तिथेच खाली येतो. इंग्रजी निवेदनासाठी बांधलेले संगीत वाक्य संपता संपता चढते. ‘कृष्णविवरातून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही’ यातला ‘नाही’ संगीताखाली गेला, तर अर्थ उलटा होतो. त्यात घुमटात आवाज घुमतो, ‘प्रारण’, ‘गुरुत्वाकर्षण’ यांतली जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. म्हणून निवेदकाने चित्र समोर ठेवूनच मुद्रण करावे आणि वाक्याचा शेवट उचलून धरावा. स्टुडिओच्या हेडफोनवर पास झालेला आवाज एकदा घुमटात ऐकल्याशिवाय अंतिम मानू नये. सॉफ्टवेअरने आवाज दोन-तीन टक्के आवळणे चालते. त्याहून जास्त आवळावे लागत असेल, तर संहिताच लांब आहे.

उपशीर्षकांचा विचार सोडून द्यावा. घुमटाला तळ नसतो, अक्षरांचा उजेड अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना मारतो आणि वाचताना मान खाली जाते.

मग घ्यायचे काय? आकाश ओळखणारी एक व्यक्ती नियमित मिळत असेल, तर थेट निवेदनावर पैसे लावावेत, मग फिल्म एकच घेतली तरी चालेल. आज रात्री गुरू कुठे दिसेल, चंद्र कधी उगवेल हे मुद्रित कार्यक्रम दुसऱ्या महिन्यात चुकीचे सांगू लागतो, आणि प्रेक्षक घरी जाऊन वर बघणार असतील तर त्यांना नेमके तेच हवे असते. अशी व्यक्ती नसेल, रोजचे खेळ जास्त असतील आणि तिकीट खिडकी वेळेवर चालवायची असेल, तर मुद्रित निवेदन घ्यावे. मात्र भाषांतरकाराच्या मानधनाइतकाच पैसा वेळेनुसार संहिता पुन्हा लिहिण्यासाठी बाजूला ठेवावा. दोन्ही परवडत असेल, तर आधी बारा मिनिटे थेट आकाश आणि मग फिल्म असा क्रम ठेवावा. काक्षी एकदा शांतपणे पाहिलेला प्रेक्षक फिल्ममधल्या पाच सेकंदांत तो ओळखतो. उलट क्रमात हा फायदा जातो.

निर्णयाआधी एक चाचणी करता येते, तिला खर्च जवळजवळ नाही. फिल्मची दोन मिनिटे निवडा, मराठी संहिता लिहा आणि सातवी-आठवीचा एक वर्ग घुमटात बसवून चित्राबरोबर कुणाकडून तरी वाचून घ्या. मग स्थिर आकाश लावा आणि मुलांना विचारा, काक्षी कुठे होता, बोट दाखवा. बोटे चार दिशांना गेली, तर संहिता कापून पुन्हा वाचा. दोन-तीनदा कापूनही बोटे एका जागी येत नसतील, तर त्या फिल्मचे चित्र मराठीला पुरेसा वेळ देत नाही, आणि ते करारावर सही होण्याआधी कळलेले बरे.