ब्लेंडरच्या 3D Print Toolbox सोबतचे आठ महिने

वास्तुविशारदांकडून आलेल्या घरांच्या आराखड्यांची १:१०० प्रमाणातली मॉडेल मी फिलामेंट प्रिंटरवर छापतो. प्रिंटरचा नोझल ०.४ मिमीचा आहे आणि मेशची, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाच्या जाळीची, दुरुस्ती गेले आठ महिने ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरमध्ये 3D Print Toolbox वापरून करतो आहे. ब्लेंडर ४.२ पासून हे साधन सोबत येत नाही, ते एक्स्टेन्शन म्हणून वेगळे घ्यावे लागते.

पहिलेच काम दुमजली बंगल्याचे होते. मॉडेलचे छपाईसाठी थर पाडणाऱ्या स्लायसर सॉफ्टवेअरमध्ये थर पाहताना १२ मिमी उंचीपर्यंत सगळे ठीक दिसत होते, पण त्यापुढच्या काही थरांत बैठकीची खोली एकदम भरीव झाली आणि एक आतली भिंत नाहीशी झाली. स्क्रीनवर मॉडेल मात्र निर्दोष दिसत होते. अशा वेळी दोष प्रिंटरचा नसतो. ‘आत’ कुठे आणि ‘बाहेर’ कुठे हे स्लायसरला ठरवता आलेले नसते. बंद घन वस्तूत प्रत्येक कड बरोबर दोन फेसमध्ये, म्हणजे मेशच्या सपाट तुकड्यांमध्ये, सामाईक असायला हवी. चित्रासाठी केलेल्या आराखड्यात भिंत म्हणजे बहुधा जाडी नसलेला एकच पत्रा असतो, त्यामुळे खिडकीच्या कडेला एकच फेस येतो आणि आतली भिंत बाहेरच्या भिंतीला जिथे भिडते तिथे एका कडेवर तीन फेस येतात.

Toolbox मधले Make Manifold हे बटण मी सुरुवातीला भाबडेपणाने दाबले. त्याने मोकळ्या कडा शोधून त्यांवर फेस बसवले, म्हणजे बंगल्याच्या सगळ्या खिडक्या बुजवल्या. एखाद्या मूर्तीच्या तळाशी भोक राहिले असेल तर हे बटण उपयोगाचे आहे, पण पत्र्यांनी बनलेल्या घरासाठी मी ते आता वापरत नाही.

आता माझा क्रम ठरलेला आहे. मॉडेल ज्या STL फाइलमध्ये येते तिच्यात एकक लिहिलेले नसते, म्हणून आधी Scene मध्ये Unit Scale ०.००१ आणि लांबीचे एकक मिलिमीटर करतो. हे न केल्यास ब्लेंडर १ मिमीला १ मीटर समजतो आणि जाडीची तपासणी पातळ भिंतींनाही बिनदिक्कत उत्तीर्ण करते. या एका चुकीत माझे दोन आठवडे गेले. मग Merge by Distance ने अगदी जवळचे, दुहेरी बिंदू जोडतो. बंगल्यातल्या निम्म्याहून अधिक चुकीच्या कडा एवढ्यानेच मिटल्या, कारण STL मध्ये प्रत्येक त्रिकोण स्वतंत्र नोंदलेला असतो आणि शेजारच्या त्रिकोणांचे बिंदू किंचित हलले तरी फट पडते.

उरलेल्या कडा Select All by Trait मधल्या Non Manifold ने निवडून पाहतो. भिंतींच्या सांध्यावर तीन फेसची कड आढळली, तर त्या भिंती वेगळ्या करतो, प्रत्येकीला Solidify ने जाडी देतो आणि मग Boolean च्या Union ने एकत्र करतो. भिंती नुसत्या एकमेकींना टेकवून चालत नाही, एक दुसरीत ०.२ मिमी तरी शिरवावी लागते; एकाच प्रतलात टेकलेल्या फेसवर Union अनेकदा फसते. शेवटी Shift+N ने फेसची दिशा बाहेर करतो आणि त्यानंतरच Thickness तपासतो, कारण ही तपासणी फेसपासून आतल्या बाजूला किरण सोडून समोरचा फेस किती दूर आहे ते मोजते. दिशा उलटी असेल तर ते मोजमाप निरर्थक ठरते.

जाडीची मर्यादा मी ०.९ मिमी ठेवतो, म्हणजे नोझलमधून पडणाऱ्या साधारण दोन रेघा. बंगल्याची २३० मिमीची बाहेरची भिंत २.३ मिमी झाली, ११५ मिमीची आतली १.१५ मिमी, दोन्ही निभावल्या. ७५ मिमीचा छज्जा ०.७५ मिमी झाला, पण तो आडवा असल्याने त्याची मजबुती थरांच्या संख्येवर अवलंबून असते. ०.२ मिमीचे थर घेऊन मी तो १ मिमी, म्हणजे पाच थरांचा केला. गच्चीच्या कठड्याचा ४० मिमीचा पाइप मात्र ०.४ मिमी झाला. आजचे स्लायसर अशी एक रेघ थोडी रुंद करून काढून दाखवतात, म्हणून प्रिव्ह्यूमध्ये कठडा दिसतो. प्रत्यक्षात उभे खांब बोट लागताच तुटतात. मी खांब १ मिमी जाडीचे केले, त्यांची संख्या निम्मी केली आणि कठडा आडवा ठेवून वेगळा छापून चिकटवला. प्रमाणाशी केलेली ही तडजोड मी वास्तुविशारदांना आधीच सांगतो.

Thickness तपासणी उतरत्या छपराच्या निमुळत्या कडांनाही पातळ ठरवते, त्या नजरेने तपासून सोडून द्याव्या लागतात. सगळा मेश बारीक ठोकळ्यांवरून नव्याने बांधणारे वोक्सेल Remesh मी घरांसाठी सोडून दिले, कारण त्याने काटकोनी कोपरे गोलसर होतात आणि ते टोकदार ठेवायचे म्हटले तर फाइल अवाढव्य होते. Check All ने सगळे आकडे शून्य दाखवले तरी मी खिडकीच्या उंचीवरचा एक थर आणि मजल्याच्या लादीचा एक थर स्लायसरमध्ये उघडून पाहिल्याशिवाय छपाई सुरू करत नाही.