थायरॉइडची गाठ: आधी स्कॅन की आधी सुई?

ठाण्यातल्या एका ताईंना 2 सेंटिमीटरची गाठ आहे, आणि आधी स्कॅन करावा की सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासाव्यात हे ठरत नाहीये. निर्णय टीएसएचवर, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणाऱ्या हार्मोनच्या रक्ततपासणीवर घ्या.

टीएसएच 0.05 इतका कमी असेल तर आधी आयोडीन स्कॅन. किरणोत्सर्गी आयोडीनची कॅप्सूल घेतल्यावर साधारण 6 आणि 24 तासांनी मोजणी, म्हणजे दोन दिवस हेलपाटे. गाठच सगळं आयोडीन ओढते आणि बाकी ग्रंथी फिकट दिसते, तर ती ‘हॉट’: वाढलेल्या थायरॉइड हार्मोनचं मूळ तीच. तिच्यात कॅन्सर क्वचितच, म्हणून सुई सहसा टळते. मात्र नुकताच आयोडीनयुक्त औषध टोचून केलेला कॉन्ट्रास्ट सीटी झाला असेल तर आयोडीन ओढण्याचा आकडा खोटा कमी येतो. काही आठवडे थांबा. गरोदरपणात हा स्कॅन नकोच.

टीएसएच नॉर्मल असेल तर स्कॅनवर पैसे घालवू नका. गाठ बहुधा ‘कोल्ड’च, म्हणजे आयोडीन न ओढणारी दिसेल, आणि बहुतेक कोल्ड गाठीही साध्याच असतात. तिथे सोनोग्राफी, आणि गाठ संशयास्पद दिसली तर सुईची तपासणी. काही मिनिटांचं काम.