अकरा महिने संगीताचं सबस्क्रिप्शन: वापर आणि बंद केल्यानंतरचा अनुभव

नागपुरात मी हॉटेलांचे आणि लग्नांचे व्हिडिओ करतो, शिवाय विदर्भातल्या खाण्यापिण्याचं माझं स्वतःचं यूट्यूब चॅनेल आहे. अकरा महिने रॉयल्टी-फ्री संगीताचा पर्सनल प्लॅन वापरला आणि दोन महिन्यांपूर्वी बंद केला. संगीत उत्तम होतं. त्रास झाला तो लायसन्स नीट न वाचल्यामुळे.

पहिला धक्का चौथ्या महिन्यात बसला. एका सावजी भोजनालयाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ केला होता. माझ्या चॅनेलवर तो बिनबोभाट चालला, पण तीच फाइल मालकांनी त्यांच्या चॅनेलवर टाकताच कॉपीराइट क्लेम आला. "भाऊ, तुम्ही तर म्हणाले होते गाणं विकत घेतलंय!" असा त्यांचा फोन. मी खोटं बोललो नव्हतो, पण माझं म्हणणं अर्धवट होतं. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा व्हिडिओतलं गाणं ओळखते. पैसे कोणी भरलेत, हे तिला ठाऊक नसतं. माझं चॅनेल कंपनीच्या खात्याला जोडलेलं होतं म्हणून सुटलं, मालकांचं जोडलेलं नव्हतं. माझ्या प्लॅनमध्ये यूट्यूबचं एकच चॅनेल बसायचं आणि ग्राहकासाठी केलेलं काम त्यात येतच नव्हतं. शेवटी वरचा प्लॅन घेऊन त्यांचं चॅनेल जोडलं, तेव्हा क्लेम निघाला. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, चॅनेल बंद पडत नाही, हे त्यांना समजावण्यातच अर्धा दिवस गेला.

डाउनलोडला मर्यादा नव्हती. म्हणून बंद करण्याआधीच्या आठवड्यात मी दीडशेच्या वर ट्रॅक उतरवून हार्ड डिस्कवर ठेवले. ती मेहनत वाया गेली. माझ्या करारात हक्क डाउनलोडवर नव्हता, व्हिडिओ प्रकाशित झाल्याच्या तारखेवर होता. सबस्क्रिप्शन चालू असताना जोडलेल्या चॅनेलवर आलेले व्हिडिओ कायमचे मोकळे आहेत आणि त्यांना आजवर काही झालेलं नाही. उतरवलेले पण न वापरलेले ट्रॅक मात्र मुदत संपली की नव्या व्हिडिओत चालत नाहीत. काही कंपन्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून पैसे भरण्याआधी करारातला रद्द करण्याचा भाग तेवढा वाचाच.

माझा फुटाळा तलावावरचा व्हिडिओ यातच अडकला. एडिट मुदतीतच पूर्ण झालं होतं, पण शेड्यूल मुदतीनंतरच्या रविवारचं लावलं होतं. त्याच संध्याकाळी क्लेम आला. हक्कच नव्हता, त्यामुळे डिस्प्यूट केला नाही. यूट्यूब स्टुडिओतून ट्रॅक काढून ऑडिओ लायब्ररीतला लावला. जुन्या व्हिडिओचा तुकडा शॉर्ट म्हणून टाकला, तरी ते नवं अपलोडच धरलं जातं.

आता लग्नसराईत पुन्हा एकाच महिन्यासाठी घेणार आहे. आधी सगळी एडिटं तयार ठेवायची, मग पैसे भरायचे आणि त्याच महिन्यात सगळे व्हिडिओ पब्लिक करायचे. सोबत प्रत्येक व्हिडिओची प्रकाशन तारीख, ट्रॅकचं नाव आणि त्या महिन्याचं बिल एका फोल्डरमध्ये जपून ठेवतो आहे.