शब्दबंदी की स्पॅम फिल्टर? मोठ्या ग्रुपसाठी काय बरं

पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्यांचा हजारो सदस्यांचा ग्रुप आहे असं धरा. कर्जाच्या जाहिराती वाढल्या म्हणून ॲडमिनने बंदीच्या यादीत ‘लोन’ घातला. जाहिराती थांबल्या, पण ‘वन बीएचके हवा, संपर्क: सलोनी’ ही पोस्टही अडकली. बरीच साधनं पूर्ण शब्द न बघता अक्षरांचा तुकडा जुळवतात. ‘सलोनी’ नावात ‘लोन’ येतोच. उलट स्पॅमवाला ‘लो-न’ लिहून निसटतो. तरी यादीचा एक मोठा गुण आहे: पोस्ट का अडली, हे लगेच कळतं.

आपोआप चालणारा फिल्टर वागणूक बघतो: नवं खातं, लिंक, तोच मजकूर पुन्हापुन्हा. त्यामुळे ‘लो-न’वालाही सापडतो. पण ‘ससूनमध्ये ओ निगेटिव्ह रक्त हवंय’ हा मेसेज दहा जणांनी जसाच्या तसा टाकला, की तोही त्याला स्पॅम वाटतो. इथे उशीर परवडतच नाही, आणि फिल्टर नेमकं कारणही क्वचितच सांगतो.

म्हणून माझा कौल: अडवायचं काम फिल्टरकडे, तेही नवा सदस्य आणि लिंक दोन्ही एकत्र असतील तेव्हाच. यादी छोटी ठेवा आणि त्यात ‘झटपट लोन’सारखे जोडशब्दच घाला. शब्द घालण्याआधी तो ग्रुपच्या सर्चमध्ये टाकून बघा. जुन्या खऱ्या पोस्ट दिसल्या तर तो घालू नका. जुळलेली पोस्ट थेट उडवण्याऐवजी मंजुरीच्या रांगेत ठेवा, आणि रांग सकाळ-संध्याकाळ कुणीतरी उघडलीच पाहिजे.