६०० की ३०० मिमीची टाइल: अ‍ॅडहेसिव्ह आणि ग्राउट किती लागेल?

खोली १० चौरस मीटरची, सांधा दोन्हीकडे ३ मिमी. फक्त टाइलचा आकार बदलला की हिशोब उलटा फिरतो.

ग्राउट किलो प्रति चौ.मी. = (लांबी + रुंदी) ÷ (लांबी × रुंदी) × जाडी × सांधा × १.६, सगळी मापं मिमीत. १.६ ही सिमेंट ग्राउटची घनता. इपॉक्सीसाठी पाकिटावरचा आकडा घ्या.

६००×६००, जाडी ९ मिमी: ०.१४४, म्हणजे खोलीला १.४४ किलो. ३००×३००, जाडी ८ मिमी: ०.२५६, म्हणजे २.५६ किलो. दहा टक्के वाया धरून अनुक्रमे २ आणि ३ किलो आणा. सांधा दुप्पट केला तर ग्राउटही दुप्पट.

खरा खर्च अ‍ॅडहेसिव्हचा. दर मिमी थराला चौ.मी.मागे साधारण १.४ किलो. लहान टाइलला ६ मिमी दात्यांची करणी पुरते. दाबल्यावर थर ३ मिमी उरतो, म्हणजे ४२ किलो. मोठीला १० मिमी दाते, म्हणजे दाबल्यावर ५ मिमी, आणि टाइलच्या पाठीवर १ मिमी लेप, एकूण ६ मिमी, म्हणजे ८४ किलो. वाया धरून २० किलोच्या तीन गोण्या विरुद्ध पाच.

पाठीवरचा लेप वाचवू नका. पहिल्या काही टाइल्स ओल्या असतानाच उचलून पाहा: पाठ कोपऱ्यांपर्यंत भरलेली हवी, नाहीतर पुढे टाइल पोकळ वाजते. जमीन उंचसखल असेल तर आधी सपाट करून घ्या, कारण थराचा प्रत्येक जादा मिमी या खोलीत १४ किलो खातो.